पहिल्या दिवसापासून

छोट्या हॉटेलाला पाच वर्षं पूर्ण झाली की दारावर फ्लेक्स लागतो. झेंडूचं तोरण, मधोमध मोठा पाचाचा आकडा, हात जोडलेल्या मालकाचा फोटो आणि खाली दोन ओळी : आपल्या उदंड प्रतिसादाबद्दल आभार, असाच लोभ राहू द्या. जागा उरली असेल तर एका कडेला ‘आणि आमचा सर्व कर्मचारीवर्ग’. असा फलक दिसला की मी थांबून वाचतो, कारण तो लावणाऱ्याची भावना खरी असते. पण त्या पाच वर्षांत आत भटारखान्यात काय घडलं, कुणी केलं, कुणी सोसलं यातलं काहीच त्यात उतरलेलं नसतं. तो फलक उचलून शेजारच्या हॉटेलावर टांगला तरी एक शब्द बदलावा लागणार नाही. हे आभार नेमकेपणाने मानायचे ठरवले तर काय लिहावं लागेल, आणि ते लिहिल्यावर मालकाला कशाची जबाबदारी घ्यावी लागेल, याचा विचार मला महत्त्वाचा वाटतो.

पाच हा आकडा हॉटेलाच्या बाबतीत नुसता सणासुदीचा नाही. त्यामागे दोन कागद आहेत. पहिला गाळ्याचा. महाराष्ट्रात दुकानाचा गाळा बहुतेक वेळा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर घेतला जातो आणि हा करार जास्तीत जास्त साठ महिन्यांचा करण्याची पद्धत आहे, कारण त्याहून मोठ्या मुदतीला मुद्रांक शुल्क भाडेपट्ट्याच्या हिशेबाने, म्हणजे पुष्कळ जास्त, भरावं लागतं. त्यामुळे ज्याने सुरुवातीलाच पूर्ण मुदतीचा करार केला, त्याला पाचव्या वर्षाच्या अखेरीस जागामालकासमोर पुन्हा बसावं लागतं. तोवर त्याने त्या गाळ्यात चिमणी बसवलेली असते, मोरीचा उतार काढून घेतलेला असतो, गॅसची लाइन ओढलेली असते. हे काही उचलून नेता येत नाही. भाडं किती वाढवून मागितलं जाईल, यावर हॉटेल राहणार की उठणार हे ठरतं. पाच वर्षं झाल्याचा फलक लागला, याचा अर्थ बहुधा ही बोलणी पार पडलेली असतात.

दुसरा कागद कामगारांचा. सलग पाच वर्षं नोकरी झालेल्या माणसाला नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळण्याचा हक्क तयार होतो. हा नियम १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्याने आला. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण कायम कामगारासाठी पाच वर्षांची अट तशीच आहे. म्हणजे हॉटेलाची पाच वर्षं ज्या दिवशी भरतात, त्याच दिवशी पहिल्या दिवसापासून तिथे असलेल्या माणसाचीही भरतात. मालक फलक लावतो त्या दिवशी त्याच्या वस्तादाच्या आयुष्यात एक मोठी गोष्ट घडलेली असते, आणि पुष्कळदा दोघांनाही ती ठाऊक नसते.

आता एक हॉटेल डोळ्यांसमोर आणू. फेब्रुवारी २०२१मध्ये उघडलेलं, बारा टेबलांचं, मिसळीचं. सकाळी साडेसातपासून मिसळ, दुपारी थाळी, संध्याकाळी भजी आणि चहा. अकरा माणसं कामाला. एक वस्ताद, त्याच्या हाताखाली दोघं, पोळ्या आणि भाकरी करणाऱ्या दोन मावशी, चार वाढपी, एक भांडीवाल्या मावशी आणि एक पोरगा, जो टेबल पुसण्यापासून पार्सल बांधण्यापर्यंत सगळं करतो. गल्ल्यावर मालक किंवा मालकीणबाई. अशी हॉटेलं गावोगाव आहेत आणि त्यांचा हिशेब साधारण असाच चालतो.

या हॉटेलात रविवारी सकाळी जी मिसळ ताटात येते, तिची सुरुवात शुक्रवारी झालेली असते. शुक्रवारी सकाळी मटकी निवडून, खडे काढून भिजत घालायची. आठ-दहा तासांनी ती टपोरी फुगली की उपसायची, पाणी पूर्ण निथळू द्यायचं आणि ओल्या फडक्यात सैल बांधायची. शनिवारभर ती मोड काढत राहते. उन्हाळ्यात मोड भराभर येतात, पण फडकं घट्ट बांधलं किंवा पाणी राहिलं तर मटकी चिकट होते आणि आंबूस वास मारते. थंडीत उलट, शनिवारी रात्रीपर्यंत मोड डोकं वर काढत नाहीत, मग बोचकं भट्टीच्या उबेला ठेवावं लागतं. रविवारी पहाटे वस्ताद फडकं सोडतो आणि आधी वास घेतो. आंबूस आला तर सगळी मटकी टाकून द्यावी लागते, कारण कितीही मसाला घातला तरी तो वास कटात उतरतो.

मटकी भिजल्यावर आणि मोडावल्यावर सुमारे दुपटीहून जास्त भरते. पाच किलो कोरडी मटकी घेतली तर शंभराच्या आसपास बशा निघतात. रविवारी किती लागतील? हा प्रश्न शुक्रवारी सकाळी सोडवायचा आहे. जास्त भिजवली तर उरलेली उसळ सोमवारी चालत नाही. कमी भिजवली तर दहा वाजता ‘मिसळ संपली’ अशी पाटी लावावी लागते आणि चार मैलांवरून आलेलं कुटुंब परत जातं. पावाचंही तसंच. बेकरीवाल्याला आदल्या संध्याकाळी आकडा द्यावा लागतो.

हा अंदाज ज्यांच्या जिवावर बांधला जातो ते म्हणजे नेहमीचे लोक. मंगळवारी सकाळी आठला बँकेतली चौघं येणार, दुपारी एकला शाळेच्या दोन बाई येणार, रविवारी टेकडी उतरून तो आठजणांचा घोळका येणार. रोज येणाऱ्या शंभरांपैकी चाळीस चेहरे ओळखीचे असतील, तर वस्तादाला फक्त साठांचा अंदाज करायचा असतो. लोक म्हणतात, नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे खात्रीची विक्री. ते आहेच. पण भटारखान्यातून पाहिलं तर नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे न फेकलेली मटकी, वेळेवर संपलेले पाव आणि रात्री घरी लवकर गेलेला वस्ताद. पाहुण्यांचे आभार मानताना ‘प्रतिसाद’ लिहून भागवलं की हे सगळं बाहेर राहतं.

नेहमीच्यांचं आणखी एक मोल आहे. ते तक्रार हॉटेलात करतात. एकदाच आलेल्या माणसाला रस्सा खारट लागला तर तो पैसे देऊन निघून जातो आणि पुन्हा येत नाही, आणि मालकाला काहीच कळत नाही. रोजचा माणूस वाढप्याला हाक मारून सांगतो, ‘आज तर्रीला नेहमीचा रंग नाही, मिरची बदलली का रे?’ आणि खरोखरच मसाल्याच्या दुकानातून त्या खेपेला वेगळी मिरची आलेली असते. वस्ताद स्वतः रोज तोच रस्सा चाखतो, त्यामुळे हळूहळू झालेला बदल त्याच्या जिभेला जाणवत नाही. तो बाहेरून सांगणारा कुणी लागतो.

आपल्या हॉटेलाचा पहिला एप्रिलही आठवायला हवा. एप्रिल २०२१मध्ये करोनाची दुसरी लाट आली आणि राज्यात हॉटेलात बसून खाणं बंद झालं, फक्त पार्सल आणि घरपोच. दोन महिन्यांपूर्वी उघडलेल्या जागेची बारा टेबलं उलटी करून भिंतीला लावली गेली. मिसळ हा पार्सलचा पदार्थ नाही. उसळ, कट, फरसाण, कांदा, लिंबू सगळं वेगवेगळं बांधावं लागतं, नाहीतर घरी पोचेपर्यंत फरसाणाचा लगदा होतो. तेव्हा घरचा तीन कप्प्यांचा डबा घेऊन दाराशी उभे राहणारे लोक होते. त्यांनी पार्सलचा खर्च वाचवला, पण त्याहून मोठं म्हणजे भट्टी पेटती ठेवली. आणि आत अर्ध्या पगारावर राहिलेली माणसं होती, गावी गेलेली माणसं होती, आणि गावाहून परत आलेली माणसं होती. हे तिन्ही प्रकार वेगवेगळे आहेत आणि फलकावर तिघांनाही वेगवेगळं वाक्य मिळायला हवं.

इथे ग्रॅच्युइटीचा प्रश्न पुन्हा येतो, कारण मध्ये हॉटेल बंद होतं म्हणून नोकरी सलग नाही, असं पुष्कळ मालकांना वाटतं आणि कामगारांनाही. तसं नाही. कामगाराची चूक नसताना काम बंद पडलं, तो आजारी होता, त्याला अपघात झाला किंवा तो रजेवर होता, तर तो काळ सलग नोकरीतच धरला जातो. शिवाय आठवड्याला सहा दिवस चालणाऱ्या जागेत वर्षात २४० दिवस काम भरलं की ते वर्ष पूर्ण मानतात. पेरणीला किंवा होळीला दीड-दोन महिने गावी जाणारा वाढपी उरलेले दिवस कामावर असेल तर तो या हिशेबात आरामात बसतो.

रक्कम काढणं सोपं आहे. शेवटचा महिन्याचा पगार घ्या, त्याला २६ने भागा, १५ने गुणा, आणि जितकी वर्षं झाली तितक्याने पुन्हा गुणा. आपल्या हॉटेलात पहिल्या दिवसापासूनची तीन माणसं आहेत असं धरू : वस्ताद, भाकरीवाल्या मावशी आणि एक वाढपी. या हिशेबात धरायचा वस्तादाचा पगार महिना २६,००० रुपये. २६ने भागले की दिवसाचे १,००० होतात, पंधरा दिवसांचे १५,००० आणि पाच वर्षांचे ७५,०००. मावशींचा आणि वाढप्याचा पगार प्रत्येकी १५,६००. दिवसाचे ६००, पंधरा दिवसांचे ९,०००, पाच वर्षांचे ४५,०००. तिघांचे मिळून १,६५,००० रुपये. हे पैसे वर्धापनदिनी द्यायचे नसतात, नोकरी सोडताना द्यायचे असतात. पण तिघांपैकी कुणीही उद्या राजीनामा दिला तर तीस दिवसांत द्यावे लागतील. आणि दुर्दैवाने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अटही नाही.

बारा टेबलांच्या हॉटेलाला एकदम दीड-पावणेदोन लाख काढणं जड जातं. ज्याने पहिल्या महिन्यापासून वस्तादासाठी १,२५० आणि इतर दोघांसाठी प्रत्येकी ७५० रुपये बाजूला टाकले, त्याला ते जड जात नाही. पगार वाढला की मागच्या सगळ्या वर्षांचा हिशेबही नव्या पगारावर होतो, म्हणून बाजूला टाकायची रक्कमही वाढवावी लागते. हे फार थोडे छोटे मालक करतात. करणारा मालक कामगाराला खरोखर मानतो, असं मी समजतो.

ही तरतूद कुठे लागू होते त्याची मर्यादा आहे. मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही दिवशी दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तरच ती बंधनकारक. एकदा लागू झाली की नंतर माणसं दहाच्या खाली गेली तरी सुटका नाही. घरच्या चौघांनी आणि दोन मदतनीसांनी चालवलेल्या खानावळीवर कायद्याचं बंधन नाही. तिथल्या मालकाने आपणहून दिली तर मात्र कुणी अडवत नाही.

पळवाटाही आहेत. पाचवं वर्ष भरायला दोन-तीन महिने असताना माणसाला ‘थोडे दिवस गावी जाऊन ये’ म्हणायचं आणि परत आल्यावर नवीन भरती दाखवायची, ही त्यातली जुनी. हे होतंय हे ओळखायच्या खुणा साध्या आहेत : परत आल्यावर नव्या अर्जावर सही मागितली जाते, हजेरीपटावर नाव शेवटच्या ओळीत जातं, भविष्यनिर्वाह निधी असेल तर रुजू झाल्याची तारीख बदलते. पगार रोखीने मिळत असेल तर कामगाराकडे दाखवायला काहीच नसतं, आणि छोट्या हॉटेलात तो बहुधा रोखीनेच मिळतो.

म्हणूनच फलकावरच्या शब्दांना वजन आहे. ‘आमचा सर्व कर्मचारीवर्ग’ असं लिहिलं तर त्यातून कुणाचंच काही सिद्ध होत नाही. ‘१५ फेब्रुवारी २०२१पासून, म्हणजे पहिल्या दिवसापासून, आमच्या भट्टीवर असलेले अमुक’ असं नावानिशी लिहिलं, तर मालकाने चार लोकांसमोर स्वतःच्या हाताने कबूल केलेली ती तारीख आहे. उद्या वाद झाला तर त्या फलकाचा फोटो कामगार दाखवू शकतो. आभार मानणाऱ्याने स्वतःला शब्दाने बांधून घेतलं, तर ते आभार मला खरे वाटतात.

अशा हॉटेलाच्या मालकीणबाईंनी लिहायचं म्हटलं तर मजकूर काहीसा असा होईल. जिथे कामाचं नाव आहे, तिथे प्रत्यक्षात माणसाचं नाव येईल :

‘१५ फेब्रुवारी २०२१ला आपण हे हॉटेल उघडलं. आज पाच वर्षं झाली. त्या दिवशी पहाटे चारला भट्टी पेटवणारे वस्ताद आजही पहाटे चारला येतात. भाकरीवाल्या मावशी आणि दारातलं पहिलं टेबल सांभाळणारे दादाही त्याच दिवसापासून आहेत. तिघांची पाच वर्षांची ग्रॅच्युइटी आम्ही बाजूला ठेवली आहे. दोन वर्षांपूर्वी आलेल्या भांडीवाल्या मावशींमुळे बशी कधी तेलकट लागली नाही. जे मध्येच सोडून गेले, त्यांपैकी एकाने स्वतःची गाडी टाकली आहे, तिथेही जरूर जा. २०२१च्या एप्रिलमध्ये घरचे डबे घेऊन दारात उभे राहिलात, त्या सगळ्यांचे आभार. मिरची बदलली हे आमच्या आधी ओळखणाऱ्यांचे आभार. दर महिन्याच्या पाच तारखेला उधारी आठवणीने चुकती करणाऱ्या वसतिगृहातल्या मुलांचे आभार. करार पुढे पाच वर्षांसाठी वाढवणाऱ्या जागामालक काकांचे आभार. येत्या सोमवारी हॉटेल बंद राहील. पगारी सुट्टी आहे.’

यात एकही मोठा शब्द नाही, आणि एकही वाक्य शेजारच्या हॉटेलाला चालणार नाही.

लिहिताना जपायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या चुकल्या तर आभाराचा त्रास होतो. कामगाराचं नाव आणि फोटो विचारल्याशिवाय लावू नये. हॉटेलात काम करतो हे कुणी घरी सांगितलेलं नसतं, कुणाच्या मागे कर्जवाला असतो. पाहुण्याचं तर नाव घालूच नये, आणि सवयही सांभाळून लिहावी. ‘रोज दुपारी तीनला कोपऱ्यात एकट्याच बसणाऱ्या ताई’ असं प्रेमाने लिहिलं तरी त्या ताई दुसऱ्या दिवसापासून यायच्या बंद होतील. त्या तीनला येतात तेच मुळी कुणी पाहू नये म्हणून.

आणि त्या दिवशी मिसळ अर्ध्या किमतीत ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. सवलत लावली की सकाळी सातपासून रांग लागते. नेहमीच्या लोकांना बसायला जागा मिळत नाही, ते दारातून परत जातात. भांडीवाल्या मावशींच्या मोरीत दुप्पट ताटं पडतात, वाढपी रात्री अकरापर्यंत उभे असतात. ज्यांचे आभार मानायचे त्या दोघांनाही त्या दिवसाचा सर्वांत जास्त त्रास होतो आणि फायदा होतो तो एकदाच येणाऱ्यांचा. त्यापेक्षा त्या आठवड्यात रोजच्या माणसापुढे न सांगता एक वाटी श्रीखंड ठेवावं. कुणाला ठेवायचं हे वाढप्याने ठरवावं, कारण चेहरे त्यालाच माहीत असतात.

फलक दारावर लावायच्या आधी भटारखान्यात वाचून दाखवावा. आज महाराष्ट्रातल्या हॉटेलांत नेपाळ, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातली माणसं मोठ्या संख्येने कामाला आहेत. त्यांतल्या कित्येकांना मराठी बोललेली कळते, पण वाचता येत नाही. आपलं नाव दारावर लिहिलंय आणि त्यापुढे काय लिहिलंय, हे त्यांना त्यांच्या भाषेत कुणीतरी सांगायला हवं. आणि ते सांगून झालं की त्याच बैठकीत प्रत्येकाकडून ग्रॅच्युइटीचं नामनिर्देशन भरून घ्यावं : आपल्या पश्चात ही रक्कम कुणाला मिळावी, त्या व्यक्तीचं नाव, नातं आणि पत्ता. भरायला दहा मिनिटं लागतात. एक प्रत मालकाच्या फाइलीत आणि एक कामगाराच्या हातात.